दोन सहकाऱ्यांमधील मध्यस्थीची नोंद: कोणालाही दोषी न ठरवता ठरलेले वागणे आणि पाठपुरावा कसा लिहावा

दोन सहकाऱ्यांचे भांडण मिटवण्यासाठी घेतलेली बैठक उत्तम पार पडते आणि दुसऱ्या दिवशी हाती पडलेल्या नोंदीमुळे सगळे पुन्हा बिघडते, असे मनुष्यबळ विभागात काम करताना मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. एका नोंदीत मी स्वतःच ‘दोघांमधील गैरसमज दूर झाले’ असे लिहिले होते. ती वाचून दोघांपैकी एक बाई माझ्यासमोर येऊन बसल्या आणि त्यांनी विचारले, “म्हणजे माझी तक्रार खरी नव्हती, तो माझा गैरसमज होता, असेच ना?” त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी सौम्य समजून वापरलेल्या एका शब्दाने निकाल दिला होता. तेव्हापासून ही नोंद लिहिताना मी बैठकीइतकीच काळजी घेतो. तिची पद्धत एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे येथे मांडली आहे. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून उदाहरणातील काही तपशील बदलले आहेत.

नोंद करण्यापूर्वी: हे प्रकरण मध्यस्थीचे आहे का?

काही तक्रारी अशा बैठकीत बसवता येत नाहीत. लैंगिक छळाची तक्रार असेल, तर ती 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडेच गेली पाहिजे. त्या कायद्यातही समेटाची तरतूद आहे, परंतु तो चौकशी सुरू होण्यापूर्वी, तक्रारदार महिलेने स्वतः मागणी केल्यास आणि समितीमार्फतच होऊ शकतो. पैशाची देवाणघेवाण हा त्याचा आधार असू शकत नाही. जातिवाचक अपमान, मारहाण, धमकी किंवा अफरातफर यांपैकी काही समोर आल्यास बैठक तेथेच थांबवावी आणि ‘बैठक पुढे चालवली नाही’ एवढीच नोंद ठेवावी. अशा प्रकरणात ‘दोष न देणारी’ भाषा वापरणे म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे तोंड बंद करणे होय.

उदाहरण: स्टोअर्स आणि अकाउंट्स

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यातील ही घटना आहे. स्टोअर्स सांभाळणारे गृहस्थ पंचावन्न वर्षांचे, तर अकाउंट्समध्ये बिले पाहणाऱ्या बाई तिशीतल्या होत्या. माल टेम्पोने येतो, सोबत चलन आणि बिल असते, स्टोअर्समध्ये मोजणी होऊन जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, तयार होते आणि त्यानंतरच अकाउंट्सला बिल चढवता येते. माल प्रत्यक्ष मिळाल्याशिवाय जीएसटीचे इनपुट क्रेडिट घेता येत नाही आणि दरमहा भरायच्या जीएसटीआर-3बी विवरणपत्राची मुदत 20 तारखेची असते. त्यामुळे महिन्याच्या मध्यावर बाईंना प्रत्येक जीआरएनची घाई असे. दुसरीकडे, गुणवत्ता तपासणी पूर्ण झाल्याशिवाय स्टोअर्सला जीआरएन करता येत नसे आणि तपासणीचा विभाग तिसऱ्याच माणसाच्या हाताखाली होता.

बाईंनी कारखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘स्टोअर्सकडून पुन्हा सात जीआरएन बाकी’ असा संदेश टाकला. त्याच दुपारी त्या स्टोअर्समध्ये विचारायला गेल्या असता टेम्पोचालकांच्या देखत त्यांना ऐकावे लागले, “तुला काय कळतं गं स्टोअर्समधलं?” त्यानंतर तीन आठवडे दोघे एकमेकांशी बोलत नव्हते आणि कागद एका मदतनीसाच्या हातून जात होते. दोघांशी आधी वेगवेगळी आणि मग एकत्र अशी बैठक झाली. पुढचा सगळा प्रश्न ती कागदावर कशी आणायची हा होता.

पहिली पायरी: कागदाचे नाव, जागा आणि प्रती

या कागदाला ‘समझोता करार’ म्हणू नये. मध्यस्थी अधिनियम, 2023 मध्ये पक्षकारांनी लिहून सह्या केलेल्या मध्यस्थी समझोत्याची अंमलबजावणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे करण्याची तरतूद आहे. कार्यालयातील दोन माणसांच्या बोलाचालीच्या नोंदीला तसे वजन देण्याचा आपला हेतू नसतो. ‘खुलासा’, ‘लेखी हमी’ आणि ‘समज’ हे शब्दही टाळावेत, कारण आपल्या कार्यालयांत ते शिस्तभंगाच्या कारवाईचे शब्द आहेत आणि ‘समज देण्यात आली’ हे वाक्य वाचणाऱ्याला कोणी तरी चुकले होते हे सांगून जाते. मी साधे ‘संवादबैठकीची नोंद’ असे नाव देतो.

तीन प्रती पुरतात: दोघांना एकेक आणि मध्यस्थाकडे एक. वैयक्तिक फाईलमध्ये ती लावली जाणार नाही, वार्षिक मूल्यमापनात वापरली जाणार नाही आणि वरिष्ठांना त्यातील केवळ त्यांनी करायच्या गोष्टी कळवल्या जातील, हे नोंदीच्या सुरुवातीलाच लिहावे. हे आश्वासन देण्यापूर्वी व्यवस्थापकांकडून ते पक्के करून घ्यावे. ते मिळत नसेल, तर तसे दोघांना बैठकीपूर्वी सांगणे हाच प्रामाणिकपणा आहे, कारण मग ते काय बोलायचे ते विचार करून बोलतील.

दुसरी पायरी: झालेल्या गोष्टी ‘विषय’ म्हणून लिहिणे

भूतकाळ अजिबात वगळला तर नोंद पोकळ वाटते आणि दुखावलेल्या माणसाला आपले ऐकलेच गेले नाही असे वाटते. भूतकाळ घटनाक्रमाने लिहिला तर ते आरोपपत्र होते. याला मराठीचे एक खास कारण आहे. भूतकाळात क्रिया लिहायला गेलो की ‘त्यांनी संदेश टाकला’, ‘त्यांनी अपमान केला’ असा कर्ता ‘नी’ लावून पुढे उभा राहतो. ‘अपमान करण्यात आला’ असे कर्मणी लिहून तो लपत नाही. वाचणारा लगेच ‘कोणी?’ असे विचारतो. म्हणून क्रियापद काढून टाकून विषयाचे नाव लिहावे. ‘जीआरएन होण्याची वेळ आणि तिची माहिती’, ‘ग्रुपवरील संदेश’, ‘इतरांच्या उपस्थितीत बोलण्याची व संबोधनाची पद्धत’ हे तीन विषय आमच्या उदाहरणात पुरेसे होते. त्यांच्यापुढे एकच वाक्य असावे: या विषयांचा आपल्यावर काय परिणाम झाला ते दोघांनी एकमेकांना सांगितले आणि एकमेकांचे ऐकून घेतले. अर्थात हे वाक्य खरे असेल तरच लिहावे. बैठकीत एकाने दुसऱ्याचे ऐकलेच नसेल, तर अजून नोंद करण्याची वेळ आलेली नाही.

काही छोटे शब्द मात्र विषयाच्या नावातूनही दोष आत आणतात. ‘पुन्हा’, ‘तरीही’, ‘वेळेवर’, ‘नीट’, ‘यापुढे’ आणि शब्दाला चिकटणारा ‘च’ यांवर मी मसुदा झाल्यावर एकदा बोट ठेवून पाहतो. ‘जीआरएन वेळेवर न होणे’ या शब्दांत निकाल आहे, ‘जीआरएन होण्याची वेळ’ या शब्दांत नाही. ‘कबूल केले’ आणि ‘मान्य केले’ यांतही फरक आहे: गुन्हा कबूल करतात, प्रस्ताव मान्य करतात. ‘ठरले’ हे क्रियापद सर्वांत सुरक्षित, कारण ठरवताना दोघेही असतात.

माफीचा प्रश्न येथेच येतो. आमच्या बैठकीत स्टोअर्सच्या गृहस्थांनी मनापासून माफी मागितली होती आणि बाईंनीही ग्रुपवरच्या संदेशाबद्दल खेद व्यक्त केला होता. ते कागदावर आणू नये असे माझे ठाम मत आहे. समोरासमोर मागितलेली माफी लिहिली की ती पुरावा होते, आणि पुढच्या वेळी कोणी माफी मागण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो. दोघांनाही ती लिहायला हवी असेल तरच आणि त्यांच्याच शब्दांत लिहावी.

तिसरी पायरी: वागणे दिसेल किंवा ऐकू येईल असे लिहिणे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो. बैठकीच्या शेवटी माणसे ‘एकमेकांचा आदर ठेवू’, ‘सहकार्य करू’, ‘समजून घेऊ’ असे म्हणतात. ते खरेच म्हणतात, पण दोन आठवड्यांनी ते पाळले गेले का, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी विचारावे: आदर ठेवला हे मला खोलीच्या दारात उभे राहून कसे दिसेल? बाईंचे उत्तर होते, “चालक आणि हमाल समोर असताना मला अहो-जाहो करावं आणि मॅडम म्हणावं.” गृहस्थांचे उत्तर होते, “काही अडलं तर आधी मला फोन करावा, ग्रुपवर नंतर.” ही दोन उत्तरे मिळाल्यावर आदर हा शब्द नोंदीत लिहिण्याची गरजच उरली नाही.

नकारार्थी वाक्य शक्य तितके टाळावे. ‘श्री. क आवाज चढवणार नाहीत’ असे लिहिले की ते आधी चढवत होते हे आपोआप लिहिले जाते. त्याऐवजी त्या प्रसंगी काय करायचे ते लिहावे. आमच्याकडे असे ठरले की बोलणे तापते आहे असे दोघांपैकी कोणालाही वाटले तर त्याने ‘हे आपण साडेतीनला बोलू’ असे म्हणायचे आणि दुसऱ्याने विषय तेथे थांबवायचा. हे वाक्य त्यांनीच सुचवले. तयार वाक्य हाताशी असल्यामुळे त्या क्षणी शब्द शोधावे लागत नाहीत.

मसुद्यातले प्रत्येक वाक्य एकदा दोघांची नावे अदलाबदल करून वाचावे. नावे बदलल्यावर वाक्य विचित्र किंवा अपमानास्पद वाटू लागले, तर त्यात दोष दडलेला आहे. कामे वेगळी असल्यामुळे वाक्य लागू न पडणे निराळे. एकाकडे पाच आणि दुसऱ्याकडे एक अशी वाक्यांची वाटणीही निकालासारखी वाचली जाते. मात्र ती समान दिसावी म्हणून खोटी वाक्ये घालू नयेत. असमानता खरी असेल, तर बहुधा काही वाक्ये ‘दोघेही’ या कर्त्याने लिहिता येतात.

नावांबाबतही बरोबरी पाळावी. एकाला ‘साहेब’ आणि दुसरीला नुसते पहिले नाव, किंवा एकाचे पद लिहायचे आणि दुसऱ्याचे नाही, असे होऊ देऊ नये. क्रम वर्णानुक्रमे लावावा आणि तो तसा लावला आहे हे लिहून टाकावे, नाही तर तक्रार कोणी केली याचे अंदाज त्या क्रमावरून बांधले जातात.

चौथी पायरी: जे दोघांच्या हातात नाही ते वेगळे काढणे

भांडण दोन माणसांचे दिसत असले तरी त्याचा मोठा भाग कामाच्या रचनेत असतो. आमच्या उदाहरणात जीआरएन अडण्याचे प्रमुख कारण तपासणी हे होते आणि स्टोअर्समधील एकमेव संगणक-लॉगिन गृहस्थांच्या नावावर असल्याने ते रजेवर असले की सगळेच थांबत असे. या दोन गोष्टी त्या दोघांच्या वागण्याच्या यादीत घातल्या असत्या, तर पहिल्याच आठवड्यात ती यादी मोडली असती आणि मोडल्याचा ठपका माणसांवर आला असता. म्हणून व्यवस्थापकांनी करायच्या गोष्टींचा वेगळा परिच्छेद असतो आणि त्यातही माणूस, कृती आणि मुदत लिहिलेली असते.

तयार नोंद

वरील पायऱ्यांनंतर झालेली नोंद अशी होती:

> संवादबैठकीची नोंद
>
> उपस्थित (वर्णानुक्रमे): श्री. क, स्टोअर्स, श्रीमती ख, अकाउंट्स, आणि मध्यस्थ.
>
> ही नोंद दोघांनी ठरवलेली कामाची पद्धत लक्षात राहावी म्हणून केली आहे. काय घडले व कोणामुळे घडले याबद्दल ती कोणताही निष्कर्ष काढत नाही. ती वैयक्तिक फाईलमध्ये लावली जाणार नाही आणि मूल्यमापनात वापरली जाणार नाही.
>
> चर्चेचे विषय: जीआरएन होण्याची वेळ व तिची माहिती, ग्रुपवरील संदेश, इतरांच्या उपस्थितीत बोलण्याची व संबोधनाची पद्धत. या विषयांचा आपल्यावर काय परिणाम झाला ते दोघांनी एकमेकांना सांगितले व ऐकून घेतले.
>
> ठरलेल्या गोष्टी:
>
> 1. श्री. क प्रत्येक कामाच्या दिवशी सायंकाळी 5 पर्यंत त्या दिवशी आलेल्या मालाची यादी श्रीमती ख यांना पाठवतील. प्रत्येक मालापुढे ‘जीआरएन झाली’, ‘तपासणी बाकी’ किंवा ‘संख्येत तफावत’ यांपैकी एक शेरा असेल.
>
> 2. श्रीमती ख यादीबद्दलचे प्रश्न दुसऱ्या दिवशी दुपारी 3:30 वाजता अंतर्गत फोनवर एकत्र विचारतील. तातडीच्या बिलासाठी त्या लगेच फोन करतील.
>
> 3. एखाद्या प्रश्नाचे उत्तर पुढील कामाच्या दिवशी सकाळी 11 पर्यंत मिळाले नाही, तर दोघांपैकी कोणीही दोन्ही विभागप्रमुखांना एकच संदेश पाठवेल आणि त्यात दुसऱ्याला ठेवील.
>
> 4. ग्रुपवर दोघेही चलन क्रमांक, तारीख आणि हवी असलेली कृती एवढेच लिहितील.
>
> 5. दोघेही एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतील. इतर उपस्थित असताना ‘मॅडम’ व ‘साहेब’ असे संबोधतील.
>
> 6. बोलणे थांबवावेसे वाटल्यास कोणीही ‘हे आपण साडेतीनला बोलू’ असे म्हणेल आणि दुसरी व्यक्ती विषय तेथे थांबवेल.
>
> व्यवस्थापकांनी करायच्या गोष्टी: स्टोअर्ससाठी दुसरे लॉगिन 10 दिवसांत देणे, तपासणी विभागाकडील बाकी मालाची यादी दररोज दोन्ही विभागांना मिळण्याची व्यवस्था करणे.
>
> पाठपुरावा: 2 आठवड्यांनी, 6 आठवड्यांनी आणि 3 महिन्यांनी. तिसऱ्या बैठकीनंतर तिन्ही प्रती नष्ट केल्या जातील.
>
> एखादी गोष्ट ठरल्याप्रमाणे झाली नाही तर: ज्याला ते जाणवेल तो दोन कामाच्या दिवसांत दुसऱ्याला थेट सांगेल. त्याने मार्ग निघाला नाही तर कोणीही मध्यस्थाशी बोलेल.
>
> वाचले. माझ्यापुरती नोंद बरोबर आहे. — सह्या

पाचवी पायरी: वाचून दाखवणे आणि सही

मसुदा बैठकीच्या दिवशीच किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी तयार करावा. त्यानंतर प्रत्येकाच्या आठवणीत वेगळीच बैठक शिल्लक राहते. तो ई-मेलने पाठवण्यापूर्वी प्रत्येकाला वेगळे बसवून मोठ्याने वाचून दाखवावा. दुसऱ्याच्या नावाचे वाक्य ऐकताना माणसाचा चेहरा समाधानी आणि स्वतःच्या नावाचे ऐकताना आक्रसलेला असेल, तर त्या वाक्यावर थांबून ‘यातला कोणता शब्द बदलू?’ असे विचारावे. गृहस्थांनी पाचव्या मुद्द्यावर असाच शब्द बदलून घेतला. मी आधी ‘श्री. क श्रीमती ख यांना तुम्ही म्हणतील’ असे लिहिले होते. ते म्हणाले, “आदरानं बोलण्याचं बंधन माझ्या एकट्यावर का?” त्यामुळे ते वाक्य ‘दोघेही’ असे झाले आणि बाईंचीही त्याला हरकत नव्हती.

वेगवेगळ्या भेटींत ऐकलेली एकही गोष्ट, सांगणाऱ्याने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय, या कागदावर येता कामा नये. मध्यस्थाच्या वहीतील टिपणे सह्या झाल्यावर फाडून टाकावीत. ती जपून ठेवण्याचा मोह होतो, परंतु दोघांना दिलेला शब्द वहीलाही लागू असतो.

‘मी लिहून देतो/देते की’ अशा सुरुवातीवर सही घेऊ नये. तो माफीनाम्याचा साचा आहे. एखादा सही करायला कचरत असेल तर आग्रह धरू नये. ‘वाचून दाखवली’ एवढे लिहून पाठपुरावा सुरू ठेवता येतो.

सहावी पायरी: पाठपुरावा

पाठपुराव्याच्या भेटीत ‘आता कसे चालले आहे?’ असे विचारले तर ‘ठीक आहे’ हे उत्तर येते. म्हणून नोंदीतले मुद्दे एकेक करून विचारावेत: यादी किती दिवस पाचपर्यंत आली? साडेतीनचा फोन किती वेळा झाला? ‘साडेतीनला बोलू’ हे वाक्य वापरावे लागले का? आधी प्रत्येकाशी 10 मिनिटे वेगळे आणि मग 15 मिनिटे एकत्र एवढा वेळ पुरतो. नोंद केवळ काय झाले व काय बदलले याची ठेवावी; कोणामुळे राहिले ते लिहू नये.

दोन आठवड्यांनंतरच्या भेटीत 12 कामाच्या दिवसांपैकी 9 दिवस यादी पाचपर्यंत आल्याचे दोघांनीही सांगितले. उरलेल्या तीनपैकी दोन दिवस गृहस्थ रजेवर होते आणि दुसरे लॉगिन अजून मिळालेले नव्हते, तर एके दिवशी माल साडेचारनंतर उतरला होता. आधीची सवय असती तर येथे ‘यादी तीन दिवस पाठवली नाही’ असे लिहिले गेले असते. आम्ही पहिला मुद्दा दुरुस्त केला: चारनंतर आलेला माल दुसऱ्या दिवशीच्या यादीत येईल आणि श्री. क रजेवर असताना यादी मदतनीस पाठवतील. लॉगिनची आठवण व्यवस्थापकांना लेखी दिली.

सर्व काही सुरळीत होत नाही याचीही खूण याच भेटींत सापडते. मुद्दे अक्षरशः पाळले जात आहेत पण दोघे कागदाचा आधार घेऊन एकमेकांना पकडत आहेत, ‘पाच वाजून चार मिनिटांनी आली’ असे बोलले जाते आहे, तर ते मुद्दे फार आवळलेले आहेत किंवा मूळ विषय बैठकीत बोललाच गेलेला नाही. तेव्हा कागद दुरुस्त न करता पुन्हा बोलायला बसावे. एकाच माणसाकडून तोच मुद्दा सलग दोन भेटींत राहत असेल आणि त्याचे कारण रचनेत सापडत नसेल, तर ती बाब वरिष्ठांच्या नेहमीच्या देखरेखीची होते. या नोंदीच्या आधारे ती तेथे नेऊ नये, त्या कामाच्या स्वतंत्र कागदपत्रांवरून न्यावी.

सहा आठवड्यांनी चौथा मुद्दा दोघांनीच अनावश्यक म्हणून काढून टाकायला सांगितला, कारण ग्रुपवर लिहिण्याची वेळच येत नव्हती. तीन महिन्यांनी तिन्ही प्रती माझ्या टेबलावर एकत्र ठेवल्या. बाई म्हणाल्या, “जेवायला आम्ही अजून वेगळेच बसतो, पण यादी मात्र रोज येते.” गृहस्थ म्हणाले, “साडेतीनचा फोन सुरू राहू द्या, तो बरा पडतो.” प्रती फाडल्या आणि पाठपुरावा संपल्याची तारीख माझ्या रोजनिशीत लिहिली.